ग्रामर बुकातले स्वाध्याय बरोबर येतात, पण पेपरात व्हॉइस, नॅरेशन, डिग्री चुकतात? आधी चूक नेमकी कुठे पडतेय ते बघा

सहामाहीचे पेपर वाटून झाले की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, की मॅडम घरी तर ग्रामर बुकातलं अख्खं प्रकरण सोडवून घेतलं होतं, वही भरलीय, सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत, मग पेपरात पाचपैकी दोनच मार्क कसे? मी आठवी ते दहावीच्या मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांना इंग्लिश शिकवते आणि हे दरवर्षी बघते, त्यामुळे यावर एकदा नीट लिहायचं होतं. मूल अभ्यास करत नाही असं बहुतेक वेळा नसतं. अभ्यास झालेला असतो, पण ज्या पद्धतीने झालेला असतो त्यात चूक लपून राहते.

शाळेने लावलेलं कुठलंही ग्रामर बुक उघडून बघा. व्हॉइसचा स्वाध्याय, वर ठळक अक्षरात लिहिलेलं की पॅसिव्ह करा, खाली पंधरा-वीस वाक्यं, त्यातली बरीचशी एकाच काळातली, आणि पहिलं सोडवून दाखवलेलं. मुलं हुशार असतात, दुसऱ्या वाक्यापासून ती क्रियापद वाचतच नाहीत, पहिल्या उत्तराचा साचा उचलतात आणि त्यात नवीन शब्द भरत जातात. पहिल्यात 'वॉज' आलंय ना, मग पुढे सगळीकडे वॉज. वीसपैकी अठरा बरोबर येतात, पण त्यात निर्णय एकही मुलाने घेतलेला नसतो. पेपरात मात्र एक व्हॉइस, एक नॅरेशन, एक डिग्री असं मिसळून येतं, समोर साचा नसतो, आणि साचा नसला की मूल आपोआप मराठीवर जातं. म्हणजे मनात मराठी वाक्य तयार होतं आणि त्याचा ढाचा इंग्लिशमध्ये उतरतो. चुका इथे होतात, आणि त्या कशाही होत नाहीत, ठरलेल्या जागीच होतात. म्हणून तर त्या पकडता येतात.

सगळ्यात आधी एक छोटी टेस्ट घ्या, पाव तास पुरतो. बुकातल्या वेगवेगळ्या पानांवरची नऊ वाक्यं कोऱ्या कागदावर उतरवा, तीन व्हॉइसची, तीन नॅरेशनची, तीन डिग्रीची, क्रम उलटसुलट, आणि त्यातलं एक तरी वाक्य भूतकाळातलं आणि एक तरी प्रश्नार्थक असू द्या. काय बदलायचं तेवढं कंसात मराठीत लिहा, उदाहरण देऊ नका. मग उत्तरं तपासताना नुसतं चूक-बरोबर करू नका, चुकीच्या उत्तरातला चुकलेला शब्द गोल करा. अख्खं वाक्य चुकलेलं क्वचितच असतं, एखाद-दुसराच शब्द घसरलेला असतो, आणि तो कुठला यावरून पुढचा उपाय ठरतो.

व्हॉइसपासून सुरू करते कारण तिथली चूक सगळ्यात जास्त गैरसमजाची आहे. मुलांना वाटतं आपल्याला पॅसिव्हच येत नाही. पण जरा बघा, 'सीता राइट्स अ लेटर' याचं 'अ लेटर इज रिटन बाय सीता' ती व्यवस्थित करतात, 'विल राइट'चं 'विल बी रिटन' पण करतात. 'सीता रोट अ लेटर' आलं की मात्र गडबड. कोणी लिहितं 'सीता वॉज रिटन अ लेटर', कोणी 'अ लेटर रोट बाय सीता'. असं का होतं ते कळायला मराठी वाक्यं शेजारी ठेवा. वर्तमानकाळात आपण म्हणतो सीता पत्र लिहिते, क्रियापद सीतेच्या मागे जातं. भूतकाळात म्हणतो सीताने पत्र लिहिलं, सीताने चिठ्ठी लिहिली, सीताने निबंध लिहिला. लिहिलं, लिहिली, लिहिला, हे सगळं पत्र, चिठ्ठी, निबंध यांच्याप्रमाणे बदललं, सीता तिथेच आहे आणि तिला 'ने' लागलाय. म्हणजे आपलं साधं भूतकाळी वाक्यच दिसायला इंग्लिशच्या पॅसिव्हसारखं आहे, कर्त्याला 'ने' म्हणजे जणू 'बाय', आणि क्रियापद कर्माच्या ताब्यात. मुलाच्या डोक्यात भूतकाळ आणि पॅसिव्ह हे दोन्ही एकाच खणात पडलेले असतात, म्हणून ते सीतेला जागेवर ठेवून नुसतं 'वॉज' घुसवतं, किंवा पत्र पुढे आणून क्रियापद आहे तसंच ठेवतं, कारण 'लिहिलं' हा मराठीत एकच शब्द आहे, त्याला वेगळं सहायक लागत नाही.

तेव्हा ओळखायची खूण ही, की चुका भूतकाळातच आणि त्यातही तो, ती, ते, सीता, सुनील असा तृतीयपुरुषी कर्ता असेल तिथेच जास्त असतील, आणि वर्तमान, भविष्य ठीक असेल, तर मुलाला नियम येतो, मराठीचा ढाचा आडवा येतोय. अशा मुलाला परत नियम पाठ करायला लावून काही होत नाही. त्याला हा फरक मराठीतूनच दाखवा, वर लिहिली तशी तीन वाक्यं वहीत लिहून घ्या, आणि मग सांगा की मराठी 'ने' दिसला म्हणजे इंग्लिश पॅसिव्ह झालं असं नाही, इंग्लिशमध्ये 'सीता रोट' हे पूर्ण ॲक्टिव्हच आहे. एकदा डोळ्यासमोर आलं की बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं की गाठ सुटली.

यानंतर एक तपासणी शिकवा, जी मूल स्वतः करू शकतं, शिक्षक लागत नाही. क्रियापदाचे शब्द मोजायचे. पॅसिव्हमध्ये क्रियापदाचा एक शब्द नेहमी वाढतो. 'रोट' एक शब्द, 'वॉज रिटन' दोन. 'इज रायटिंग' दोन, 'इज बीइंग रिटन' तीन. 'हॅज रिटन' दोन, 'हॅज बीन रिटन' तीन. 'कॅन राइट' दोन, 'कॅन बी रिटन' तीन. 'अ लेटर रोट बाय सीता' मध्ये आधी एक होता आणि नंतरही एकच आहे, म्हणजे काहीतरी राहिलंय, हे मुलाला मार्क जायच्या आधीच कळतं. वाढलेला शब्द नेहमी 'बी' घराण्यातला असतो, त्याने मूळ क्रियापदाचा काळ घ्यायचा आणि मूळ क्रियापदाने तिसरं रूप घ्यायचं, बस. आयएनजी होतं तर बीइंग, हॅज-हॅड होतं तर बीन, विल-कॅन-मस्ट होतं तर नुसतं बी. एवढ्या ओळीत टेबलाचा बहुतेक भाग येतो, वेगळं आठ-दहा ओळींचं कोष्टक घोकायची गरज उरत नाही.

या मोजणीला एकच अडचण आहे ती सांगून ठेवते, नाहीतर मूल गोंधळेल. नकारात आणि प्रश्नात जे 'डू, डझ, डिड' येतं ते मोजायचं नाही. 'सीता डिड नॉट राइट द लेटर' मध्ये डिड फक्त नॉटला धरायला आलंय, पॅसिव्हमध्ये ते निघून जातं आणि 'द लेटर वॉज नॉट रिटन बाय सीता' होतं. मुलं 'डिड नॉट बी रिटन' किंवा 'डिड नॉट वॉज रिटन' लिहितात, ती इथलीच. आणि 'डिड सीता राइट द लेटर?' याचं 'वॉज द लेटर रिटन बाय सीता?' करताना मुलांची मुख्य चूक वेगळी असते, ती वॉज पुढे आणायला विसरतात, कारण मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद जागचं हलत नाही, शेवटी 'का' लावलं की झालं. हे लक्षात ठेवा, नॅरेशनमध्ये हीच गोष्ट उलटी होऊन परत येणार आहे.

बाकी व्हॉइसचे जे सुटे प्रकार आहेत, म्हणजे 'क्लोज द डोअर'चं 'लेट द डोअर बी क्लोज्ड', 'हू रोट धिस लेटर?'चं 'बाय हूम वॉज धिस लेटर रिटन?', 'आय नो हिम'चं 'ही इज नोन टू मी', हे पाठच करायचे, त्यात समजून घेण्यासारखं फार नाही आणि संख्याही कमी आहे. दोन कर्मांचं मात्र एकदा नीट सांगा. 'शी गेव्ह मी अ पेन' याची दोन्ही उत्तरं चालतात, 'आय वॉज गिव्हन अ पेन बाय हर' आणि 'अ पेन वॉज गिव्हन टू मी बाय हर'. मुलं पहिल्याला घाबरतात कारण मराठीत 'मी पेन दिला गेलो' असं होतच नाही, मग त्यांना वाटतं हे चुकलं असणार आणि बरोबर उत्तर खोडतात. खोडलेलं बरोबर उत्तर बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता नॅरेशन. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण एका वाक्यात चार-पाच गोष्टी एकदम बदलतात आणि एक राहिली तरी उत्तर गेलं. माझ्यासमोर नववीतल्या एका मुलीची वही आहे, वाक्य असं होतं:

सुनील सेड टू हिज सिस्टर, "आय लॉस्ट युअर पेन यस्टरडे."

तिने लिहिलं, 'सुनील टोल्ड हिज सिस्टर दॅट आय हॅड लॉस्ट युअर पेन प्रीव्हियस डे.' आता घाईत तपासलं तर नुसती फुली पडेल. पण नीट बघा, तिला किती येतंय. सेड टू चं टोल्ड केलंय, दॅट लावलंय, लॉस्टचं हॅड लॉस्ट केलंय, यस्टरडे पण बदललंय. बुकातल्या टेबलातलं सगळं तिला पाठ आहे. राहिलेत 'आय' आणि 'युअर', आणि 'प्रीव्हियस डे' आधीचा 'द'. 'द' राहिला तो मराठीत आर्टिकल नसल्यामुळे, तो सवयीने येतो. पण आय आणि युअर का राहिले? कारण मराठीत हेच वाक्य असं होतं, सुनील बहिणीला म्हणाला की मी काल तुझं पेन हरवलं. पूर्णपणे बरोबर मराठी आहे हे! आपण 'की' लावून बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, मी चा तो होत नाही, तुझं चं तिचं होत नाही, काळही मागे सरकत नाही, काल पण कालच राहतो. इंग्लिशला दॅट लागलं की हे सगळं बदलावं लागतं, आणि मराठी मुलाला 'दॅट' म्हणजे 'की' असंच शिकवलेलं असतं, मग 'की' पुढे जे चालतं ते दॅटपुढेही चालेल असं त्याने मानलं तर त्यात चूक काय.

म्हणून 'पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे, दुसरा कर्माप्रमाणे, तिसरा बदलत नाही' हा नियम घोकून घेण्यापेक्षा मी दोन पायऱ्यांत करून घेते. आधी समासात लिहायचं, बोलणारा कोण, ऐकणारा कोण. इथे बोलणारा सुनील, ऐकणारी बहीण. मग अवतरणातल्या प्रत्येक मी-तू च्या जागी थेट ते नाव घालायचं, वाक्य कितीही विचित्र दिसू दे: सुनील टोल्ड हिज सिस्टर दॅट सुनील लॉस्ट सिस्टर्स पेन. आता 'मी' आणि 'तू' संपले. दुसऱ्या पायरीत परत परत आलेल्या नावांच्या जागी ही आणि हर घालायचं: दॅट ही लॉस्ट हर पेन. शेवटी काळ आणि वेळेचा शब्द: सुनील टोल्ड हिज सिस्टर दॅट ही हॅड लॉस्ट हर पेन द प्रीव्हियस डे. ही मधली नाववाली ओळ वहीत खरोखर लिहायला लावा, मनातल्या मनात नको. पंधरा दिवस लिहिली की मग मुलं ती आपणहून गाळायला लागतात आणि तरी सर्वनाम चुकत नाही.

काळाचं एक बघायचं राहतं. वरच्या वाक्यात म्हणणारं क्रियापद 'सेड' म्हणजे भूतकाळात आहे म्हणून आतला काळ मागे गेला. 'सेज' किंवा 'विल से' असतं तर आतला काळ हलवायचा नाही, हे मुलं विसरतात कारण बुकातल्या स्वाध्यायात दहापैकी नऊ वाक्यं सेडचीच असतात, त्यांना बाहेरचं क्रियापद बघायची सवयच लागत नाही. म्हणून मिसळलेल्या सरावात दर चारेक वाक्यांमागे एक 'सेज'वालं मुद्दाम घाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते वगैरे कायमचं सत्य असेल तरी काळ तसाच ठेवायचा. आणि आत आधीच 'हॅड गॉन' असेल तर त्याच्या मागे जायला जागाच नाही, ते तसंच राहतं, 'हॅड हॅड गॉन' लिहायचं नाही. मस्ट, शुड, कुड, वुड शाळेच्या पातळीवर तसेच ठेवले तरी चालतात.

प्रश्नार्थक नॅरेशनमध्ये दोन चुका मी सारख्या बघते. एक म्हणजे 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर...' अशी सुरुवात, ही सरळ 'त्याने मला विचारलं की तू कुठे...' मधून आलेली आहे. दुसरी म्हणजे 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग', ज्यात काळ बरोबर, सर्वनाम बरोबर, फक्त वॉज पुढे राहिलंय. गंमत बघा, व्हॉइसच्या प्रश्नात हेच मूल सहायक पुढे आणायला विसरत होतं आणि इथे ते मागे न्यायला विसरतंय. दोन्हीचं कारण एकच, इंग्लिशमध्ये प्रश्न शब्दक्रमाने तयार होतो हे अजून पक्कं झालेलं नाही, कारण मराठीत तो 'का' किंवा 'कुठे'नेच होतो. म्हणून एक वाक्य पुरतं, की प्रश्नचिन्ह गेलं तर क्रियापद कर्त्याच्या मागे गेलंच पाहिजे. 'द टीचर सेड टू राजू, "व्हाय डिड यू नॉट ब्रिंग युअर बुक?"' घ्या. बोलणारा टीचर, ऐकणारा राजू. यू म्हणजे राजू, युअर म्हणजे राजूचं. प्रश्नचिन्ह जाणार, म्हणजे डिड पुढे राहू शकत नाही. डिड ब्रिंग म्हणजे ब्रॉट, तो मागे गेला की हॅड ब्रॉट. उत्तर, 'द टीचर आस्क्ड राजू व्हाय ही हॅड नॉट ब्रॉट हिज बुक.' डबल्यू-एच शब्द नसता तर तिथे इफ किंवा व्हेदर लागलं असतं. 'दॅट' यातल्या कुठल्याच प्रश्नात येत नाही.

डिग्री तुलनेने सोपी आहे, इथे बहुतेक मुलं दोनच ठिकाणी अडकतात. पहिली 'मोअर हायर', 'मोअर टॉलर'. मराठीत तुलना करताना विशेषण बदलतच नाही, राम शामपेक्षा उंच, राम सगळ्यात उंच, शब्द उंचच, आणि जोर द्यायचा तर आपण 'जास्त उंच' म्हणतो, ते 'जास्त' मोअर होऊन येतं. काही मुलं उलटं करतात, विशेषणाला काहीच न लावता 'राम इज टॉल दॅन शाम' लिहितात, तेही 'शामपेक्षा उंच' मधूनच. दोन्हीला औषध एकच, दॅन दिसलं की त्याच्या आधीच्या विशेषणाकडे बघायचं, त्याला इआर लागलेलं असेल किंवा आधी मोअर असेल, दोन्हीपैकी एक आणि फक्त एकच.

दुसरी जागा म्हणजे 'अदर'. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' याचं कम्पॅरेटिव्ह मुलं लिहितात 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र'. कान मराठीचा असेल तर यात काही खटकत नाही, कारण आपण सहज म्हणतो की कळसूबाई सगळ्या शिखरांपेक्षा उंच आहे. पण इंग्लिशमध्ये याचा अर्थ निघतो की ते स्वतःपेक्षाही उंच आहे, कारण महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाई पण आलंच. मी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढते, आत महाराष्ट्रातली शिखरं लिहिते, आणि विचारते कळसूबाई आत आहे की बाहेर? आत आहे, मग 'एनी अदर पीक'. मग विचारते, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा' यात अदर घालायचं का? वर्तुळ गोव्याचं, कळसूबाई बाहेर, अदर नको. हे एकदा बघितल्यावर 'अदर' विसरणारी मुलं जवळजवळ थांबतात, कारण आता ते पाठांतर राहिलं नाही, त्यांना कारण दिसतं. पॉझिटिव्हमध्येही तेच वर्तुळ, 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई', आणि इथे 'सो हाय ॲज' लिहिलं तरी बरोबर. एनी अदर आणि नो अदर दोन्हींच्या पुढे नाव एकवचनी, पीक्स नाही.

'वन ऑफ द' आलं की वेगळा साचा लागतो आणि मुलं तिथेही 'नो अदर' घालतात, अर्थच बदलून टाकतात. 'द गोदावरी इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया' म्हणजे ती सगळ्यात लांब आहे असं म्हटलेलंच नाही, तेव्हा 'नो अदर रिव्हर' लिहिलं तर खोटं होतं. इथे 'व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर ॲज लाँग ॲज द गोदावरी' आणि 'द गोदावरी इज लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स इन इंडिया', आणि नाव अनेकवचनी, आर सुद्धा. मुलाला मराठीत विचारा, एकटीच पहिली की पहिल्या काहींतली एक? उत्तर त्याला येतंच, मग साचा आपोआप बरोबर निवडतो.

सरावाचं म्हणाल तर बुक बदलायची अजिबात गरज नाही, वाक्यं तीच वापरायची, क्रम बदलायचा. रोज तीन-तीन अशी नऊ मिसळलेली वाक्यं, आणि दुसऱ्या दिवशी सर्वात कामाची गोष्ट, कालची मूळ वाक्यं झाकून फक्त आपल्या उत्तरांवरून उलटं फिरायचं. पॅसिव्हचं परत ॲक्टिव्ह, इनडायरेक्टचं डायरेक्ट, पॉझिटिव्हचं सुपरलेटिव्ह. फिरून मूळ वाक्य आलं नाही तर जाताना किंवा येताना कुठेतरी चूक झाली, आणि ती शोधायचं काम मुलाचं. एखाद्या आठवड्यात मुलं स्वतःच्या चुकांना ओळखायला लागतात, 'मॅडम माझं डिड राहतं' असं म्हणतात, आणि ज्याला आपली चूक नावाने माहीत आहे त्याची ती लवकर जाते.

फक्त नॅरेशनमध्ये ही उलट तपासणी पूर्ण विश्वासाची नाही, ते मुलाला आधीच सांगून ठेवा. 'हॅड लॉस्ट' वरून मागे येताना ते मूळचं लॉस्ट होतं, हॅव लॉस्ट होतं की हॅड लॉस्टच होतं हे उत्तरावरून कळत नाही, तिन्ही पुढे जाऊन एकच होतात. तिथे वेळेचा शब्द बघायचा, 'द प्रीव्हियस डे' असेल तर मूळ यस्टरडे, आणि यस्टरडेबरोबर हॅव लॉस्ट बसत नाही, म्हणून लॉस्ट घ्यायचं. वेळेचा शब्दच नसेल तर मूळपेक्षा वेगळं रूप आलं म्हणून चूक धरू नका. व्हॉइसमध्ये 'बाय समवन' गाळलेलं असेल तिथेही कर्ता परत मिळणार नाही, समवन किंवा पीपल जे बसेल ते घ्यायचं.

आणि एक प्रकारची चूक अशी आहे जिला यातला कुठलाच उपाय लागत नाही, ती वेगळी काढून ठेवा. 'वॉज रोट', 'हॅड ब्रिंग', 'वॉज टेकन' ऐवजी 'वॉज टुक' असं दिसलं तर मुलाचं रूपांतर बरोबर आहे, वाक्य नीट फिरलंय, फक्त तिसरं रूप माहीत नाही. अशा मुलाला परत व्हॉइसचे स्वाध्याय देणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं, त्याला तिसऱ्या रूपांची यादी द्या, तीही बुकाच्या मागची अख्खी नाही. त्याने गेल्या महिन्यात ज्या क्रियापदांत चूक केली तेवढीच, राइट-रोट-रिटन, टेक-टुक-टेकन, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट अशी मोठ्याने म्हणत, आणि त्यात रीड विसरू नका, कारण त्याची तिन्ही रूपं लिहायला सारखी आहेत आणि वाक्य वर्तमानातलं की भूतकाळातलं हे फक्त आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखावं लागतं. 'ही रीड्स' ला एस आहे, 'ही रेड' ला नाही, एवढी एकच खूण कागदावर दिसते आणि 'आय' कर्ता असेल तर तीही दिसत नाही.